नऊ हजार पुट कुणी घेतले, आणि कशासाठी?

*गेली काही वर्षं माझ्याकडे एका अमेरिकी कंपनीचे शेअर आहेत. परवा धाकट्या भावाने फोनवर आलेला एक अलर्ट दाखवला. त्याच कंपनीचे ९,००० पुट एका फटक्यात घेतले गेले होते, १२.६ लाख डॉलरचा सौदा, आणि खाली लाल अक्षरात 'बेअरिश'. भाऊ म्हणतो, "ताई, एवढे पैसे कुणी उगाच लावत नाही. आतली खबर असणार. शेअर विकून मोकळी हो." मी अजून विकलेले नाहीत, पण जीव टांगणीला लागला आहे. असा मोठा सौदा पाहून त्यामागचा हेतू खरंच ओळखता येतो का? स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.*
*— एक वाचक*

नमस्कार,

स्क्रीनशॉट पाठवलात ते फार बरं केलं, कारण कामाची माहिती लाल अक्षरांत नसून त्याखालच्या बारीक आकड्यांत आहे. शेअरचा भाव १०० डॉलर. पुट म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर विकण्याचा हक्क; त्याची स्ट्राइक, म्हणजे तो ठरलेला भाव, ८५, आणि एक्स्पायरी, म्हणजे हक्क संपण्याची तारीख, तीन महिन्यांनंतरची. सौदा झाला तेव्हा बिड, म्हणजे घेणारे देत असलेला भाव, १.३० आणि आस्क, म्हणजे विकणारे मागत असलेला भाव, १.४०, आणि सौदा १.४० ला झाला. त्या पुटमध्ये दिवसभराचं व्हॉल्यूम ९,४०० आणि आदल्या दिवसअखेरचा ओपन इंटरेस्ट, म्हणजे उघड्या असलेल्या काँट्रॅक्टची संख्या, २,३००. अमेरिकेत शेअरवरचं एक काँट्रॅक्ट साधारणपणे १०० शेअरचं असतं, त्यामुळे १२.६ लाखांचा हिशेब बरोबर आहे.

एवढ्या माहितीवरून हेतू ओळखता येत नाही. निव्वळ या सौद्यापायी शेअर विकू नका, असं मी स्पष्टपणे सांगेन. मात्र "ओळखता येत नाही" म्हणजे नेमकं काय, हे समजून घेतल्याशिवाय तुमची धाकधूक जाणार नाही. पुढचा अलर्ट येईल तेव्हा भाऊ हेच पुन्हा म्हणेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो 'बेअरिश' शिक्का कुठून आला ते पाहू. तो कुणी माणसाने विचार करून मारलेला नाही. अशा सेवांचा नियम सोपा असतो. सौदा आस्कला झाला तर घाई घेणाऱ्याला होती, बिडला झाला तर विकणाऱ्याला. पुट आस्कला गेला की 'बेअरिश', बिडला गेला की 'बुलिश'. कॉल म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क; त्याचं याच्या उलट. नियम अगदीच निराधार नाही, कारण घाईत असलेला माणूस समोरच्याने सांगितलेला भाव देतो हे खरंच आहे. पण त्यातून फार तर एवढं कळतं की हे पुट कुणीतरी पुढाकार घेऊन विकत घेतले असावेत. ज्याने पुट घेतला त्याला शेअर पडायला हवा आहे, ही दुसरी पायरी नियम स्वतःच्या मनाने चढतो. चूक तिथे होते.

बाजाराच्या टेपवर, म्हणजे सौद्यांच्या जाहीर यादीवर, सौद्याची नोंद होते तेव्हा भाव, संख्या, वेळ, एक्स्चेंज आणि सौद्याच्या प्रकाराचा एक सांकेतिक कोड एवढंच उमटतं. घेणारा कोण, त्याने नवी पोझिशन उघडली की जुनी बंद केली, आणि त्याच्या खात्यात याशिवाय काय पडून आहे, हे टेपवर कधीच येत नाही. हेतू नेमका या तिसऱ्या गोष्टीत असतो. खात्यात इतर काय आहे ते बदललं की तोच ९,००० पुटांचा सौदा पूर्ण वेगळा होतो. दोन उदाहरणं नीट उलगडून दाखवते, मग फरक डोळ्यांसमोर येईल.

समजा हा घेणारा एक मोठा फंड आहे आणि त्याच्याकडे या कंपनीचे ९ लाख शेअर आधीपासून आहेत. ९,००० काँट्रॅक्ट म्हणजे बरोबर ९ लाख शेअर. त्याची गुंतवणूक आज ९ कोटी डॉलरची. तीन महिन्यांत कंपनीचे निकाल येणार आहेत, किंवा एखादा कोर्टाचा निर्णय लागायचा आहे, आणि फंडाला शेअर तर ठेवायचे आहेत पण ८५ च्या खालचा फटका नको आहे. म्हणून तो १२.६ लाख देऊन विमा उतरवतो. ९ कोटींवर हा खर्च १.४ टक्के झाला. आता विचार करा, हा माणूस बेअरिश आहे का? कंपनीबद्दल त्याला खरोखर वाईट वाटत असतं तर त्याने शेअर विकले असते. पुट घेतले याचा अर्थ तो थांबणार आहे. शेअर वर गेला तर १२.६ लाख बुडतील आणि त्याला त्याचा आनंदच होईल. तुमचा भाऊ म्हणतो तसे पैसे "लावलेले" नाहीत, शेअर सांभाळायला मोजलेले आहेत. मोठ्या संस्थांचं पुट घेण्याचं एक अगदी नेहमीचं कारण हेच असतं.

दुसरं उदाहरण आणखी चकवणारं आहे. समजा घेणारी एक ट्रेडिंग फर्म आहे आणि तिला शेअर वर जाईल की खाली, याच्याशी काही देणंघेणं नाही. तिचं म्हणणं इतकंच की हा पुट स्वस्त आहे, बाजार धरून चालला आहे त्यापेक्षा शेअर जास्त हलेल. या पुटचा डेल्टा साधारण ०.१५ आहे, म्हणजे शेअर एक डॉलर पडला तर पुट सुमारे १५ सेंट वाढतो. दिशेचा धोका काढून टाकायला फर्म पुट घेतानाच ९ लाखांच्या ०.१५ पट, म्हणजे १,३५,००० शेअर विकत घेते. अलर्टमध्ये पुट दिसले. शेअरची खरेदी दिसली नाही, किंवा दिसली तरी ती वेगळ्या टेपवर, त्या दिवशीच्या लाखो शेअरच्या उलाढालीत विरघळलेली.

आता या फर्मचा नफातोटा मांडून पाहा. हिशेब सोपा राहावा म्हणून तिने मध्ये काहीच फेरफार केला नाही असं धरू. प्रत्यक्षात अशा फर्म शेअरची संख्या सतत कमीजास्त करत राहतात. शेअर ११० ला गेला तर शेअरवर १३.५ लाख मिळाले आणि पुट अगदी शून्य झाले तरी १२.६ लाखच गेले. थोडा का होईना, नफा. शेअर कोसळून एक्स्पायरीला ७० वर आला तर पुटची किंमत प्रत्येकी १५ डॉलर, एकूण १३५ लाख. त्यातून प्रीमियमचे १२.६ लाख आणि शेअरवरचा ४०.५ लाखांचा तोटा वजा केला तरी जवळपास ८२ लाख हाती उरतात. आणि शेअर हळूहळू घसरत एक्स्पायरीला बरोबर ८५ वर टेकला तर? पुट शून्य, १२.६ लाख गेले. शेअरवर आणखी २०.२५ लाख गेले. एकूण तोटा ३२.८५ लाख, आणि एक्स्पायरीपर्यंत हातच न लावलेल्या या मांडणीत यापेक्षा वाईट जागा नाही.

जरा थांबून हे पुन्हा वाचा, ताई. ज्याला अलर्टने 'बेअरिश' म्हटलं, त्याचा सगळ्यात मोठा तोटा शेअर १५ टक्के पडल्यावर होतो आणि शेअर १० टक्के चढला तर त्याला नफा होतो. हा अलर्ट पाहून कुणी नुसते पुट घेतले असतील तर त्याला वाटेल आपण मोठ्या माशाच्या मागोमाग चाललो आहोत, पण दोघांच्या पोझिशनचा एकमेकींशी काही संबंध नाही.

बाकीच्या शक्यता थोडक्यात सांगते. हे ८५ चे पुट एखाद्या मोठ्या मांडणीचा एक पाय असू शकतात. त्याच क्षणी ७५ चे ९,००० पुट विकले असतील तर तो स्प्रेड झाला, आणि दोन्ही पायांचा मिळून एकच भाव ठरलेला असल्याने त्यातला एक पाय आस्कला दिसतो की बिडला, याला फारसा अर्थ उरत नाही. अशा एकत्र केलेल्या सौद्यांना टेपवर वेगळा कोड असतो आणि चांगल्या सेवा तो दाखवतात. पण दोन पाय दहा मिनिटांच्या अंतराने, दोन ब्रोकरांमार्फत केले तर कोडही मदतीला येत नाही. सौद्यावर 'स्वीप' लिहिलेलं असेल तर ऑर्डर तुकडे करून अनेक एक्स्चेंजवर एकदम पाठवली गेली, कारण घेणाऱ्याला उभे असलेले सगळे भाव उचलायचे होते. त्यातून घाई कळते, कारण कळत नाही. विमा उतरवणाऱ्यालाही घाई असू शकते. 'ब्लॉक' असेल तर बहुधा फोनवर किंवा चॅटवर आधी बोलणी होऊन मोठा सौदा एकगठ्ठा नोंदला गेला.

आणि समोर कुणीतरी विकणारा होताच. बहुतेक वेळा तो मार्केट मेकर, म्हणजे सतत खरेदीचे आणि विक्रीचे भाव देत राहणारा व्यापारी, असतो. पुट विकल्यामुळे त्याच्यावर शेअर पडण्याचा धोका येतो, म्हणून तो धोका झाकायला तोही आपला हेज करतो: साधारण १,३५,००० शेअर शॉर्ट, म्हणजे उसने घेऊन, विकतो. घेणाऱ्याने त्याच वेळी शेअर विकत घेतले नसतील तर या विक्रीने भाव त्या दिवशी थोडा खाली ढकलला जाऊ शकतो. मग संध्याकाळी लोक म्हणतात, "पाहिलंत, त्याला माहीत होतं!" पण तो खाली आला तो त्या सौद्याच्याच हेजमुळे, त्याचा कंपनीशी काही संबंध नाही. पुटनंतर शेअर एखाद टक्का घसरला तर त्याला पुरावा मानू नका.

ओपन इंटरेस्टबद्दल मात्र तुम्ही स्वतः काही तपासू शकता, आणि जी थोडीफार भक्कम माहिती मिळते ती इथेच. आदल्या दिवशी या पुटचा ओपन इंटरेस्ट २,३०० होता. म्हणजे जगात एकूण २,३०० पुटच उघडे होते. जुनी विक्री बंद करायला पुट परत घेणारे जास्तीत जास्त तेवढेच असू शकतात. सौदा ९,००० चा. म्हणजे यातले किमान ६,७०० तरी घेणाऱ्यासाठी नवे आहेत, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. व्हॉल्यूम ओपन इंटरेस्टच्या कितीतरी पट असलं की अलर्ट वाजतो, त्याचं कारण हेच. ओपन इंटरेस्ट १४,००० असता तर ही खात्रीही राहिली नसती. पूर्वी पुट विकून बसलेला कुणी ते परत घेऊन मोकळा होतोय, असंही निघालं असतं.

ओपन इंटरेस्टचा आकडा दिवसातून एकदाच ठरतो, बाजार बंद झाल्यावरच्या हिशेबातून, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो. सौदा झाला त्या मिनिटाला आलेला अलर्ट त्यामुळे या बाबतीत आंधळाच असतो. दुसऱ्या दिवशी आकडा ११,५०० च्या आसपास गेला असेल तर पोझिशन खरोखर उघडून रात्रभर ठेवली गेली. तो २,५०० वरच राहिला असेल तर सौदा त्याच दिवशी उलटवला गेला असावा, आणि मग सगळी चर्चाच व्यर्थ. तुम्ही हा आकडा अजून पाहिलेला नसेल तर आज पाहा. ब्रोकरच्या ऑप्शन चेनमध्ये फुकट दिसतो. पण तो ११,५०० निघाला तरी घाबरून जाऊ नका. विमा उतरवणारा फंड आणि दिशेशी देणंघेणं नसलेली फर्म, दोघांच्या बाबतीतही तो तितकाच वाढतो.

हे सगळं तर्कापुरतं वाटू नये म्हणून एक घडलेली गोष्ट सांगते, कारण संशयाला याहून जास्त जागा असलेला सौदा मला ठाऊक नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांआधी ६ सप्टेंबरला युनायटेड एअरलाइन्सच्या मूळ कंपनीच्या पुटचं व्हॉल्यूम अचानक उसळलं होतं. १० सप्टेंबरला अमेरिकन एअरलाइन्सच्या मूळ कंपनीचंही तसंच झालं. नेमक्या याच दोन कंपन्यांची विमानं अपहृत झाली. हे आकडे पाहिल्यावर कुणालाही वाटेल की ज्यांना कटाची माहिती होती त्यांनीच हे पुट घेतले. चौकशी झाली, आणि चौकशी करणाऱ्यांकडे ते सगळं होतं जे तुमच्या-माझ्याकडे कधीच नसतं: खाती, नावं, ब्रोकरांच्या नोंदी. हल्ल्यांच्या चौकशी आयोगाच्या २००४ च्या अहवालात निष्कर्ष दिला आहे. ६ सप्टेंबरचे ९५ टक्के पुट अमेरिकेतल्याच एका संस्थात्मक गुंतवणूकदाराने घेतले होते, आणि अल-कायदाशी त्याचा संबंध असण्याची शक्यताच नव्हती. ते एका ट्रेडिंग योजनेचा भाग होते; त्याच योजनेत त्याने १० सप्टेंबरला अमेरिकन एअरलाइन्सचे १,१५,००० शेअर विकत घेतले होते. ज्याला हल्ल्याची कल्पना आहे तो आदल्या दिवशी विमान कंपनीचे शेअर घेईल का? आणि १० तारखेच्या पुटांपैकी बरेचसे एका ऑप्शन्स वार्तापत्रापर्यंत जाऊन पोचले. त्या वार्तापत्राने रविवारी, ९ सप्टेंबरला, वर्गणीदारांना फॅक्स करून तेच सौदे सुचवले होते.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. ६ तारखेचा सौदा एकटा पाहिला तर तो अंगावर काटा आणणारा आहे. त्याची जोडीची खरेदी शेजारी ठेवली की त्याचं रूपच पालटतं. ती जोडी टेपवर कुणालाही दिसत नव्हती.

आता भावाच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण तो सर्वस्वी चुकलेला नाही. आतली माहिती असलेले लोक ऑप्शन्स वापरतात आणि कधीकधी पकडलेही जातात. १४ फेब्रुवारी २०१३ ला बर्कशायर हॅथवे आणि ३जी कॅपिटल हाइन्झ कंपनी प्रतिशेअर ७२.५० डॉलरने विकत घेणार अशी घोषणा झाली. आदल्याच दिवशी झुरिकमधल्या एका खात्यातून हाइन्झचे कॉल घेतले गेले होते. सुमारे ९०,००० डॉलरची ती गुंतवणूक एका दिवसात १७ लाखांच्या वर गेली. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने दुसऱ्याच दिवशी कोर्टात जाऊन खातं गोठवलं. पण तो दावा "अज्ञात व्यापाऱ्यां"विरुद्ध दाखल करावा लागला; खातं हातात असूनही त्यामागची माणसं त्या दिवशी नियामकालाही ठाऊक नव्हती. ती नंतर समोर आली आणि प्रकरण तडजोडीने मिटलं.

तिथे गुंतलेली रक्कम ९०,००० डॉलर होती, हे भावाला जरूर सांगा. त्याच्या स्क्रीनवरच्या सौद्याच्या जेमतेम चौदाव्या हिश्श्याइतकी. ज्याच्याकडे चोरलेली खबर आहे त्याला नजरेत भरायचं नसतं. १२.६ लाखांचा एकगठ्ठा सौदा राजरोस आस्कला नोंदवणारा बहुधा असा कुणीतरी असतो ज्याला लपवण्यासारखं काही नाही. मोठी रक्कम पाहून माहितीचा वास घेणं म्हणूनच मला फारसं पटत नाही.

अभ्यासही हेच दाखवतात. जून पॅन आणि ॲलन पोटेशमन या दोन संशोधकांनी १९९० ते २००१ या काळातल्या सौद्यांची तपासणी केली. त्यांच्याकडे शिकागोच्या ऑप्शन्स एक्स्चेंजची अशी नोंद होती जिच्यात नवी पोझिशन उघडायला केलेली खरेदी वेगळी काढलेली होती. त्या नोंदीत खरोखर संकेत सापडला. ज्या शेअरमध्ये अशी नवी खरेदी पुटपेक्षा कॉलमध्ये जास्त होती, ते पुढच्या आठवड्यात उलट स्थितीतल्या शेअरपेक्षा एक टक्क्याहून जास्त पुढे गेले. म्हणजे ऑप्शन्समध्ये माहिती असते. मात्र ही वर्गवारी त्या वेळी लोकांपुढे नव्हती. सगळ्यांना दिसणाऱ्या व्हॉल्यूमवरून तोच हिशेब केला तेव्हा संकेत फार क्षीण आणि अल्पजीवी निघाला. शिवाय तो निष्कर्ष शेकडो शेअरच्या सरासरीचा आहे, एका मंगळवारी दुपारी झालेल्या एका सौद्याचा नाही.

भाऊ या अलर्टवर स्वतःही सौदे करत असेल, असा मला अंदाज आहे. करत असेल तर त्याला दोन गोष्टी विचारा. पहिली, त्याला कोणत्या भावाला मिळतं? १.४० चा सौदा जाहीर झाल्यावर मार्केट मेकर भाव वर सरकवतात आणि मागून येणारे हजारो लोक त्याच आस्कवर तुटून पडतात, १.४० ची वस्तू १.६० ला हाती आली तर सुरुवातच १४ टक्के मागून झाली. दुसरी, बाहेर पडायचं कधी, हे त्याला कोण सांगतं? प्रवेशाचा अलर्ट वाजतो. बाहेर पडताना तोच माणूस ९,००० पुट तीन दिवसांत तुकड्यातुकड्यांनी विकेल, किंवा त्याऐवजी शेअरमध्ये फेरफार करेल, आणि ते त्याचंच होतं हे कुणालाही जोडता येणार नाही. मोठा खेळाडू नफा घेऊन घरी गेलेला असतो आणि मागे आलेला माणूस त्याच्या हेतूवर विसंबून पुट धरून बसलेला असतो.

सेवा उपयोगी आहे की नाही याची परीक्षा घ्यायची असेल तर भावाने एक वही करावी. लागलेल्या अलर्टच्या जाहिराती सगळ्यांच्या लक्षात राहतात, बाकीचे विसरून जातात, म्हणून प्रत्येक अलर्ट लिहायचा, निवडून नाही. त्याच्यापुढे एका मिनिटानंतरचा आस्क, दुसऱ्या दिवशीचा ओपन इंटरेस्ट, आणि आधीच ठरवलेल्या दिवशीचा बिड. आस्कला घेऊन बिडला विकल्याचा हिशेब धरायचा, मधला भाव नाही. पैसे न गुंतवता शंभरेक नोंदी होऊ द्या, मग ठरवा.

आता तुमच्या शेअरबद्दल. या तीन महिन्यांत कंपनीचे निकाल किंवा आधीच जाहीर झालेली एखादी मोठी तारीख येते का, ते कंपनीच्या गुंतवणूकदारांसाठीच्या पानावर पाहा. येत असेल तर पुटांचं साधं स्पष्टीकरण तिथेच आहे: कुणीतरी त्या तारखेपुरतं संरक्षण घेतलं. नंतर कंपनीने गेल्या तिमाहीत स्वतः काय सांगितलं ते वाचा, कर्ज, विक्री, नफ्याचं प्रमाण. तुम्ही हे शेअर ज्या कारणासाठी घेतले होते ते कारण अजून उभं आहे का, हे तिथे कळेल. उभं नसेल तर विका, पण त्या कारणाने विका.

एक शेवटचं, आणि ते पुटांशी निगडित नाही. एका अलर्टने जीव टांगणीला लागत असेल तर कदाचित या एका कंपनीत तुमचे गरजेपेक्षा जास्त पैसे अडकलेले आहेत. तुमच्या एकूण बचतीचा किती हिस्सा तिथे आहे ते पत्रात नाही. तो मोठा असेल तर थोडे शेअर कमी करायला कुठल्याही अलर्टची वाट पाहू नका. आणि कमी करायचे नसतील पण निकालांची भीती वाटतच असेल, तर त्या फंडाने जे केलं असावं ते तुम्हीही करू शकता. तुमच्याकडे १०० शेअर असतील तर ८५ चा एक पुट १४० डॉलरला पडतो, आणि तीन महिने ८५ च्या खालची काळजी मिटते. तो घेतलात तर टेपवर एक पुट आस्कला गेल्याची नोंद होईल, आणि अलर्टच्या नियमाप्रमाणे त्या दिवशी तुम्हीही बेअरिश ठराल.